लासोचा शून्य कुठून येतो

लासो ही रिग्रेशनची एक पद्धत, जी काही चलांचे सहगुणक नेमके शून्यावर आणते. रिग्रेशनमध्ये चल खूप आणि निरीक्षणं कमी असली की लीस्ट स्क्वेअर्सचे सहगुणक बेताल होतात. नवा नमुना घेतला की आकडे उड्या मारतात, कधी चिन्हंही उलटतात. यावर १९७० साली होर्ल आणि केनार्ड यांनी रिज रिग्रेशन मांडलं: चुकांच्या वर्गांच्या बेरजेत सहगुणकांच्या वर्गांची बेरीज दंड म्हणून मिळवायची. आकडे आवरले गेले, पण एकही चल गळाला नाही. पन्नास चल दिले तर पन्नासही उत्तरात उरत, फक्त लहान होऊन. चल गाळायचे तर उपसंच निवडण्याची वेगळी पद्धत होती, आणि तीत एखादा चल एकतर पूर्ण आत असे किंवा पूर्ण बाहेर. विदेत किरकोळ बदल झाला तरी निवडलेली यादी बदलून जाई.

ही दोन कामं एकत्र करण्याची कल्पना बर्कलीच्या लिओ ब्रायमन यांनी १९९५ मध्ये ‘नॉन-नेगेटिव्ह गॅरोट’ या नावाने मांडली. आधी लीस्ट स्क्वेअर्सचे सहगुणक काढायचे, मग प्रत्येकाला शून्य किंवा धन अशा एका आकड्याने गुणायचं आणि त्या गुणकांच्या बेरजेवर मर्यादा घालायची. काही गुणक थेट शून्य होत. गॅरोट म्हणजे गळा आवळायचं साधन. तेव्हा टोरांटोत असलेल्या रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ च्या लेखात त्याच कल्पनेपासून प्रेरणा घेतली, पण लीस्ट स्क्वेअर्सवरचं अवलंबन काढून टाकलं. मूळ उत्तरच डळमळीत असेल, तर त्याला गुणून काय साधणार? त्यांनी दंड थेट सहगुणकांच्या केवलमूल्यांच्या बेरजेवर लावला. नाव ठेवलं लासो, म्हणजे गुरं पकडायचा फास. फासाचा दोर तोच, फक्त गळा सुटला.

केवलमूल्याचा दंड त्यांनी पहिल्यांदा वापरला असं मात्र नाही. भूकंपलहरींच्या नोंदींवरून जमिनीखालचे थर शोधणाऱ्या भूभौतिकशास्त्रज्ञांकडे तो १९७० च्या दशकापासून होता. क्लेअरबाउट आणि म्युअर यांनी १९७३ मध्ये केवलमूल्यावर आधारलेली गणितं पुढे आणली, आणि १९७९ मध्ये टेलर, बँक्स आणि मॅकॉय यांनी अशाच गणिताच्या साहाय्याने परावर्तनाच्या नोंदी उलगडल्या. लहर परत फिरते ती थर बदलतो तिथे, मधल्या जागी काहीच नसतं. म्हणजे बहुतेक ठिकाणी शून्य असलेलं उत्तरच त्यांना हवं होतं. संख्याशास्त्रातही फ्रँक आणि फ्रीडमन यांनी १९९३ मध्ये केवलमूल्याचा कोणताही घात चालेल असा सर्वसाधारण दंड लिहून ठेवला होता. रिज म्हणजे त्यातला २ घात, लासो म्हणजे १.

हा १ महत्त्वाचा का, ते एकच सहगुणक घेतला की उघड होतं. विदेला जो आकडा हवा आहे त्याला `z` म्हणू, आपण ठेवणार तो `b`. लासो ही राशी सर्वांत लहान करतो:

```
(1/2)(z - b)^2 + λ|b|
```

λ म्हणजे दंड किती कडक ते ठरवणारा आकडा. λ १ धरू आणि `z` ०.६. `b` शून्यावर ठेवला तर किंमत ०.१८ येते. शून्यावरून जरा पुढे, ०.१ वर नेला तर पहिला भाग ०.१२५, दंड ०.१, एकूण ०.२२५. पुढे सरकणं महागात पडलं. आता दंड रिजचा, म्हणजे `(λ/2)b^2` घेऊ. ०.१ वर दंड फक्त ०.००५, एकूण ०.१३. इथे सरकणं फायद्याचं, आणि रिजचं उत्तर ०.३ वर जाऊन थांबतं.

फरक आहे तो शून्यापाशी दंडाचा चढ किती, यात. वर्गाचा आलेख तळाशी सपाट असतो. शून्याजवळ त्याचा चढ जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे विदेची ओढ कितीही क्षीण असली तरी ती `b` ला शून्यापासून थोडं तरी हलवते. केवलमूल्याच्या आलेखाला शून्यावर टोक आहे. उजवीकडे पहिल्या पावलापासून चढ पूर्ण λ, डावीकडेही तितकाच. शून्यावर विदेची ओढ बरोबर `z` इतकी असते. ती λ च्या आत असेल तर `b` हलतच नाही. `z` ३ असेल तर ओढ दंडाला पुरून उरते, आणि `b` २ वर स्थिरावतो, कारण तिथे उरलेली ओढ बरोबर १ आहे. रिजमध्ये `z` स्वतः शून्य असेल तरच उत्तर शून्य येतं. लासोत `z` उणे १ ते १ मध्ये कुठेही असो, उत्तर तेच शून्य. विदा थोडी हलली तरी ते टिकतं ते म्हणूनच.

घात १ पेक्षा जरा जरी जास्त घेतला तरी टोक बोथट होतं आणि नेमके शून्य जातात. १ पेक्षा कमी घेतला तर शून्य मिळतात, पण दंडाचा बहिर्वक्रपणा जातो आणि अनेक खोटे तळ तयार होतात. दोन्ही गोष्टी पदरात पडतात त्या फक्त १ वर. १९९६ च्या लेखातलं दंडाच्या मर्यादेच्या शंकरपाळ्याच्या कोपऱ्याला चुकांचं लंबवर्तुळ टेकण्याचं चित्र प्रसिद्ध आहे, पण मला ते अपुरं वाटतं. कोपऱ्यालाच का टेकावं, हे त्यातून कळत नाही. चढाच्या हिशेबातून कळतं.

चल अनेक असले तरी नियम हाच. `z` च्या जागी त्या चलाचा उरलेल्या चुकांशी असलेला गुणाकार येतो. टिबशिरानींच्या लेखात प्रोस्टेट कर्करोगाच्या ९७ रुग्णांची विदा आणि ८ चल होते. लासोने तिघांना ठेवलं: गाठीचं आकारमान, ग्रंथीचं वजन, आणि वीर्यपिशवीपर्यंत रोग पोचला आहे का हे सांगणारा चल.

तरी सुरुवातीची काही वर्षं लासोकडे फारसं लक्ष गेलं नाही. तो सोडवणं तेव्हा जड होतं. २००४ मध्ये एफ्रॉन, हेस्टी, जॉनस्टन आणि टिबशिरानी यांच्या लार्स या पद्धतीने λ बदलताना उत्तर सरळ तुकड्यांत चालतं याचा फायदा उचलला. पुढे `glmnet` या सॉफ्टवेअरने एकेक सहगुणक घेऊन वरचाच नियम पुन्हा पुन्हा लावायला सुरुवात केली: λ च्या आत असेल तर शून्य, नाहीतर λ ने कमी. इथले शून्य खरे असतात, कारण ते नियमानेच लिहिले जातात. हाच प्रश्न साध्या ग्रेडियंट पद्धतीला दिला तर `b` टोकाभोवती पुढेमागे करत राहतो आणि छापून येतं ०.०००००३ सारखं काहीतरी. अशा वेळी आकड्याच्या लहानपणावर विसंबू नये. त्या चलाचा चुकांशी असलेला गुणाकार λ पेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तर तो शून्यच आहे.

आकसणं मात्र मोठ्या सहगुणकांनाही भोगावं लागतं: वरचा ३ चा २ झाला. त्याच λ ला गॅरोट २.६७ देतो, म्हणजे या बाबतीत ब्रायमन यांची पद्धत सौम्य. शिवाय दोन चल एकमेकांची जवळजवळ नक्कल असतील तर पहिला आत आला की चुकांमध्ये दुसऱ्यासाठी काहीच उरत नाही, आणि त्याची ओढ λ च्या खाली जाते. पुढच्या नमुन्यात दुसरा आत असू शकतो आणि पहिला शून्यावर.