बिलावर ‘भाडे’ लिहिलेले असते, पण मशीन कोणाचे? ऑपरेटिंग लीज आणि फायनान्स लीज

तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा प्रतवारी करणाऱ्या फर्मचे हिशेब मी लिहितो. भागीदार दोघे, हंगामात चाळीसेक बायका निवडीला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बेदाणे रंगावरून वेगळे करणारे मशीन, म्हणजे कलर सॉर्टर, लीजवर घेतले. लीजवाल्याचे बिल आले, त्यावर ‘मशीन भाडे’ असे छापलेले होते, आणि मी करार न वाचता रक्कम सरळ भाडे खात्याला नावे टाकली. पुढच्या वर्षी कॅश क्रेडिटच्या रिन्यूअलला बँकेने लीजचा करार मागितला. तो वाचून तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले, “हे कर्ज ताळेबंदात कुठे आहे?” ताळेबंदात ते नव्हते. चूक माझी होती. थोरले भागीदार, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, “भाडंच हाय की हे. मशीन आपल्या नावावर न्हाई, मग कर्ज कसलं?”

अण्णांचा प्रश्न रास्त आहे, आणि सगळा घोळ नेमका त्यातच आहे. मालकी कागदावर कोणाची, यावर लीजचा प्रकार ठरत नाही. आपल्यासारख्या लहान फर्मला लागू असलेले लेखामानक १९, म्हणजे एएस १९, एवढेच विचारते की मशीन वापरण्याचा फायदा आणि ते बाळगण्याची जोखीम खऱ्या अर्थाने कोणाकडे गेली. मशीन जुने झाले, बंद पडले, बाजारात नवे मॉडेल आले, तर झळ कोणाला बसणार? ती बहुतांशी लीजवर घेणाऱ्याला बसणार असेल तर ते फायनान्स लीज. देणाऱ्याकडेच राहणार असेल तर ऑपरेटिंग लीज. (१ एप्रिल २०१९ पासून सगळी लीज ताळेबंदात घ्यावी लागतात, असे कुठेतरी वाचून काही जण विचारतात. तो नियम इंड एएस ११६ या वेगळ्या लेखामानकाचा आहे. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांसाठी तो आहे. भागीदारी फर्मचे काम एएस १९ वरच चालते आणि तिथे हे दोन प्रकार अजून वेगळेच आहेत.)

त्या वेळी फर्मपुढे दोन प्रस्ताव होते. मशीन तेच, रोखीची किंमत २०,००,००० रुपये, चांगली निगा राखली तर आयुष्य साधारण १० वर्षे. जीएसटी मी इथे बाजूला ठेवतो, त्याचे क्रेडिट मिळते असे धरून.

पहिला प्रस्ताव पाच वर्षांचा. बेदाण्याचा पैसा हंगामाला येतो म्हणून भाडे वर्षातून एकदाच, दर ३१ मार्चला ५,५०,००० रुपये. मुदत मध्ये तोडता येत नाही. विमा आणि दुरुस्ती फर्मच्या खर्चाने. पाच वर्षांनी आणखी २०,००० रुपये दिले की मशीन फर्मचे.

दुसरा प्रस्ताव तीन वर्षांचा. भाडे पहिल्या वर्षी ४,२०,०००, दुसऱ्या वर्षी ४,८०,०००, तिसऱ्या वर्षी ५,४०,०००. विमा, कॅमेऱ्याची दुरुस्ती, एअर व्हॉल्व्ह बदलणे हे सगळे देणाऱ्याकडे, आणि तीन वर्षांनी मशीन तो परत घेऊन जाणार.

दोन्हीकडे बिलावर ‘भाडे’च छापून येणार. फरक करारात शोधायचा. पहिल्यात शेवटी २०,००० ला मशीन मिळते. निम्मे आयुष्य शिल्लक असलेले मशीन इतक्या कमी पैशात कोणी सोडत नाही, म्हणजे ते फर्मकडेच राहणार हे सही करतानाच उघड आहे. एएस १९ च्या खुणांपैकी ही सर्वांत ठळक. दुसरी खूण अशी, की पुढे द्यायच्या सगळ्या रकमांतले व्याज वजा करून त्यांचे आजचे मूल्य काढले तर ते मशीनच्या किमतीच्या जवळपास येते का. व्याजाचा दर लीजवाल्याने सांगितला नव्हता, म्हणून बँक त्या मुदतीच्या कर्जाला जो दर लावते तो, १२ टक्के, आम्ही धरला. एक्सेलमध्ये एवढेच लिहायचे:

```
=PV(12%,5,-550000,-20000)
```

उत्तर येते १९,९३,९७५. रोख किंमत २० लाख, म्हणजे लीजवाल्याने मशीनचे जवळजवळ सगळे पैसे आपल्याकडून व्याजासकट वसूल करायचे ठरवले आहे. दुसऱ्या प्रस्तावाच्या तीन हप्त्यांचे आजचे मूल्य याच दराने ११,४२,००० च्या आसपास भरते. उरलेली किंमत तो मशीन दुसऱ्या कोणाला देऊन काढणार, आणि ती निघाली नाही तर तोटा त्याचा. म्हणून पहिले फायनान्स लीज, दुसरे ऑपरेटिंग. फर्मने घेतले ते पहिले. काही जण ‘आयुष्याच्या ७५ टक्के’, ‘किमतीच्या ९० टक्के’ अशा रेषा सांगतात. त्या जुन्या अमेरिकन नियमातून आल्या आहेत. अंदाजाला बऱ्या, पण एएस १९ मध्ये टक्केवारी दिलेलीच नाही, त्यामुळे ८८ टक्के आले म्हणून सुटलो असे समजू नये.

ऑपरेटिंग लीजची नोंद सोपी, फक्त एका ठिकाणी पाय घसरतो. तीन वर्षांचे भाडे मिळून १४,४०,०००, आणि मशीन तिन्ही वर्षे सारखेच काम देणार. म्हणून खर्च दर वर्षी सारखा, ४,८०,००० धरायचा. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष दिले ४,२०,०००, तर उरलेले ६०,००० देय भाडे म्हणून देण्यांत दाखवायचे. दुसऱ्या वर्षी दोन्ही आकडे जुळतात. तिसऱ्या वर्षी ५,४०,००० दिले, त्यातले ६०,००० त्या जुन्या देण्यापोटी गेले. बिल येईल तसे भाडे टाकत गेलो तर पहिल्या वर्षाचा नफा ६०,००० ने फुगतो आणि तिसऱ्या वर्षी तेवढाच खाली येतो. भाड्यात दुरुस्तीचा भाग धरलेला असेल तर तो वेगळा काढून दुरुस्ती खर्चात घ्यायचा.

फायनान्स लीजमध्ये मात्र पहिल्याच दिवशी दोन नोंदी होतात. मशीन मालमत्तेत येते आणि तेवढेच लीजचे देणे उभे राहते. रोख किंमत आणि आजचे मूल्य यांत जे कमी ते घ्यायचे, म्हणून १९,९३,९७५. मशीन खाते नावे, लीज देणे खाते जमा.

मग ३१ मार्चला ५,५०,००० दिले की त्याचे दोन तुकडे करायचे. वर्षभर १९,९३,९७५ देणे होते, त्यावर १२ टक्क्यांनी व्याज २,३९,२७७. ते वित्त खर्चात. बाकीचे ३,१०,७२३ मुद्दल, ते देण्यातून वजा. देणे उरले १६,८३,२५२. दुसऱ्या वर्षी व्याज या उरलेल्या रकमेवर, म्हणजे २,०१,९९०, आणि मुद्दल ३,४८,०१०. असे करत पाचव्या वर्षी व्याज ६१,०७१ वर येते आणि शेवटी देणे २०,००० उरते, म्हणजे मशीन नावावर करून घेण्याची रक्कम. राउंडिंगने रुपयाभर इकडेतिकडे होईल. त्याहून जास्त फरक पडला तर कोष्टकात कुठेतरी चूक आहे, आणि ती बहुधा व्याज पहिल्या रकमेवरच काढत राहिल्याची असते.

व्याजाशिवाय घसारा. मशीन शेवटी आपलेच होणार असल्याने तो पाच वर्षांवर नाही, दहा वर्षांच्या आयुष्यावर, वर्षाला सुमारे १,९९,३९८. मशीन परत जाणार असते आणि तरीही लीज फायनान्स ठरले असते, तर लीजची मुदत आणि आयुष्य यांतले जे कमी त्यावर घसारा लागला असता. हा फरक विसरला की घसारा दुप्पट पडतो.

आता माझ्या चुकीने काय झाले ते पाहा. पहिल्या वर्षी मी खर्च दाखवला ५,५०,०००. खरा खर्च व्याज आणि घसारा मिळून ४,३८,६७५ होता. नफा १,११,३२५ ने कमी दिसला. पुढच्या वर्षांत ही तफावत वाढतच जाते आणि सहाव्या वर्षापासून ती उलटी फिरते, कारण भाडे संपलेले असते आणि घसारा चालू असतो. दहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच, २७,७०,०००. पण बँक दहा वर्षांची बेरीज पाहत नाही, ती यंदाचा ताळेबंद पाहते. भागीदारांचे भांडवल १५ लाख आणि मुदत कर्ज १० लाख असेल, तर लीजचे देणे बाहेर ठेवल्यावर कर्ज भांडवलाच्या दोन तृतीयांश दिसते. ते आत घेतले की कर्ज भांडवलाच्या जवळजवळ दुप्पट होते. शिवाय पहिल्या वर्षाअखेर उरलेल्या १६,८३,२५२ पैकी पुढच्या बारा महिन्यांत द्यायचे ३,४८,०१० चालू देण्यांत दाखवावे लागतात, आणि तिथे चालू मालमत्तेचे चालू देण्यांशी प्रमाण, म्हणजे करंट रेशो, खाली येतो. बँकेने विचारले ते या दोन गोष्टींमुळे. नोंद दुरुस्त करून दिल्यावर अण्णांची कॅश क्रेडिटची मर्यादा तेवढीच राहिली, पण लीजच्या हप्त्याचा हिशेब धरूनच.

आयकरात मात्र ही वाटणी चालत नाही. तिथे घसारा मालकाला मिळतो, आणि पुस्तकात मशीन मालमत्तेत आले म्हणून आपण आयकराचे मालक होत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ९ फेब्रुवारी २००१ च्या परिपत्रकातच सांगितले आहे की एएस १९ मुळे घसाऱ्याच्या हक्कावर काही फरक पडत नाही. साध्या फायनान्स लीजमध्ये म्हणून आयकराच्या गणनेत पुस्तकातले व्याज आणि घसारा नफ्यात पुन्हा जोडायचे आणि दिलेले भाडे वजा करायचे. आमच्या करारात मशीन विकत घेण्याचा पर्याय आहे, आणि असा करार आयकराच्या नजरेत हप्त्याने खरेदीकडे, म्हणजे हायर पर्चेसकडे झुकू शकतो. तिथे हिशेब वेगळा होतो. त्यामुळे हे कलम असेल तर पहिले विवरणपत्र भरण्याआधीच करार सीएंना दाखवा.

आता दर मार्चअखेरीला मी एक काम करतो. भाडे खात्यात वर्षभर गेलेल्या मशीनच्या रकमा काढतो आणि शेजारी विमा पॉलिसींची फाइल आणि दुरुस्तीची बिले ठेवतो. ज्या मशीनचा विमा फर्म भरते, ज्याचे सुटे भाग फर्म घेते, पण जे मालमत्तेच्या यादीत नाही, त्याचा करार कपाटातून काढून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. विकत घेण्याचे कलम बहुतेक वेळा तिथेच, सह्यांच्या आधीच्या परिच्छेदात असते.