वटवलेल्या विपत्राचा अनादर

ठरावीक मुदतीला रक्कम द्यावी असा विक्रेत्याने ग्राहकावर काढलेला लेखी आदेश म्हणजे विपत्र. ग्राहकाने स्वीकारलेले विपत्र विक्रेत्याने मुदतीपूर्वी बँकेत वटवावे आणि मुदतीला ग्राहकाने ते चुकते करू नये, या घटनेस वटवलेल्या विपत्राचा अनादर म्हणतात. खानदेशच्या बाजारपेठांत त्याला अजूनही ‘हुंडी परत आली’ असे म्हटले जाते. हुंडी व विपत्र हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने चालतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते सर्वस्वी एक नाहीत. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या संलेखांविषयीच्या स्थानिक रूढीस पहिल्याच कलमात संरक्षण देतो. ‘हुंडी’ हा शब्द संस्कृत ‘हुण्डिका’वरून आल्याचे काही अभ्यासक मानतात, तर इतरांच्या मते ‘हुण्डिका’ हेच देशी शब्दाचे संस्कृतीकरण असावे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पेढीच्या व्यवहारातील शब्द बाजारातून ग्रंथात जाण्याचा संभव उलट प्रवासापेक्षा जास्त असतो. जुन्या चिठ्ठ्यांवर ‘हुंडी सिकारणे’ म्हणजे ती मान्य करून चुकती करणे.

पुढील उदाहरण कल्पित असून त्यातील दर व खर्च केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. जळगावच्या एका डाळमिल मालकाने धुळ्याच्या घाऊक किराणा व्यापाऱ्याला १,२०,००० रुपयांची तूरडाळ उधार दिली आणि १२ मार्च रोजी तीन महिने मुदतीचे विपत्र काढले. व्यापाऱ्याने त्यावर स्वीकृतीची सही केली. मुदतीत सवलतीचे तीन दिवस मिळवावे लागत असल्याने देय दिनांक १५ जून ठरतो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली, तर देय दिवस पुढे न जाता आधीच्या कामकाजाच्या दिवसावर येतो. मालकाने १५ मार्चला ते द.सा.द.शे. १२ दराने बँकेत वटवले. बँकेने तीन महिन्यांचा बट्टा ३,६०० रुपये कापून १,१६,४०० रुपये त्याच्या चालू खात्यात जमा केले.

१५ जूनला व्यापाऱ्याने रक्कम दिली नाही. बँकेने विपत्र नोटरीकडे पाठवून अनादराची नोंद करून घेतली. ही नोंद विपत्रावर किंवा त्याला जोडलेल्या कागदावर केली जाते आणि तीत अनादराचा दिनांक, कारण सांगितले असल्यास ते व नोटरीचा आकार लिहितात. देशांतर्गत विपत्रासाठी अशी नोंद सक्तीची नाही, मात्र पुढे पुराव्यासाठी ती उपयोगी पडते. अनादराची सूचना ही वेगळी बाब आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे आदेशकाचे, म्हणजे मिल मालकाचे, दायित्व त्याला रीतसर सूचना मिळण्यावर अवलंबून असते. पक्ष वेगवेगळ्या गावी असतील, तर सूचना पुढच्या टपालाने किंवा अनादराच्या दुसऱ्या दिवशी रवाना व्हावी, अशी मर्यादा आहे. धुळे-जळगाव अशा व्यवहारात सूचना धाडण्यास झालेली दिरंगाई बँकेच्या अंगाशी येऊ शकते.

जमाखर्चातील नेहमीची चूक अनादरित रकमेविषयी आहे. मालकाला बँकेकडून १,१६,४०० रुपयेच मिळाले होते, म्हणून नवशिके तेवढीच रक्कम परत खर्ची टाकतात. ते बरोबर नाही. बँक दर्शनी रक्कम १,२०,००० व नोटरीचा आकार, समजा ३०० रुपये, असे १,२०,३०० रुपये खात्यातून वसूल करते. मालकाच्या रोजकीर्दीत व्यापाऱ्याच्या खात्यास १,२०,३०० नावे व बँक खात्यास तेवढेच जमा अशी नोंद होते. प्राप्य विपत्र खात्याचा येथे संबंध येत नाही, कारण ते वटवताना आधीच बंद झालेले असते. बट्ट्याचे ३,६०० रुपये मालकाचाच तोटा राहतात. ते व्यापाऱ्याच्या नावे टाकता येत नाहीत. नोटरीचा आकार मात्र चूक ज्याची त्याच्यावर जातो. म्हणून व्यापारी आपल्या पुस्तकात देय विपत्र खात्यास १,२०,००० व नोंदआकार खात्यास ३०० नावे टाकून मिल मालकाच्या खात्यास १,२०,३०० जमा करतो. म्हणजे एक विपत्र रद्द झाले, तरी मूळ उधारी जिवंत होते.

वटवणे ही विक्री की तारण ठेवून घेतलेले कर्ज, यावर लेखकांत मतभेद आहेत. मालकाच्या दायित्वाकडे पाहता दोहोंच्या मधली स्थिती मानणे योग्य दिसते: विपत्र बँकेचे होते, परंतु स्वीकर्त्याने हात वर केल्यास मालक जामीनदारासारखा बांधील राहतो. या कारणाने १५ मार्च ते १५ जून या काळात ताळेबंद निघाल्यास, म्हणजे बहुधा ३१ मार्चलाच, ही रक्कम संभाव्य दायित्व म्हणून टिपेत दाखवावी लागते.

धनादेशाच्या अनादराला त्याच अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी कारवाई लागू होते. विपत्राला ती लागू नाही. वसुलीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो, परंतु मुदती विपत्रावर पुरेसे मुद्रांक नसल्यास ते पुराव्यात दाखल करताना अडचण येते. बहुतेक व्यापारी म्हणूनच नूतनीकरण पत्करतात. वरील उदाहरणात व्यापाऱ्याने ४०,३०० रुपये रोख दिले, तर उरलेल्या ८०,००० वर १२ टक्के दराने दोन महिन्यांचे १,६०० रुपये व्याज मिळवून ८१,६०० रुपयांचे नवे विपत्र लिहिले जाते, आणि मालक ते बँकेत पुन्हा वटवतो की तिजोरीत ठेवतो, यावरून त्याचा व्यापाऱ्यावरील भरवसा कळतो.