उंच कमान, बारीक पोटऱ्या: शार्को-मारी-टूथ आजार ओळखायला शंभर वर्षं कशी लागली

तळपायाची कमान जमिनीपासून चांगलीच वर उचललेली, पायाची बोटं आकड्यासारखी वाकलेली, मांड्या ठीकठाक पण गुडघ्याच्या खाली पाय एकदम बारीक. हे चित्र १८८६ साली पॅरिसमध्ये मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पाच पेशंटवरून लिहून ठेवलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ नावाच्या तरुण डॉक्टरने केंब्रिजच्या प्रबंधात स्वतंत्रपणे तेच मांडलं, म्हणून तिघांची नावं एकत्र. शॉर्टमध्ये सीएमटी. पाय आधी, हात मागाहून, आणि बऱ्याचदा घरात आणखी कोणाला तरी असतंच, एवढं तिघांनाही दिसलं होतं.

मतभेद होता तो मूळ कुठे यावर. शार्को आणि मारी यांचा कल मज्जारज्जूकडे होता, म्हणजे बिघाड पाठीच्या कण्याच्या आत. टूथ म्हणाला नाही, बिघाड कण्यातून बाहेर पडून हातापायांकडे जाणाऱ्या नसांमध्ये आहे. शार्को म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं प्रस्थ, पण बरोबर निघाला टूथ.

नसांत बिघाड आहे हे एकदा धरलं की पायाचा आकार आपोआप समजतो. सगळ्यात लांब नसा पायाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या, म्हणून आधी त्याच मार खातात. तळपायातले छोटे स्नायू आणि पाऊल वर उचलणारा नडगीजवळचा स्नायू कमजोर होतो, पण अंगठ्याच्या मुळाला खाली ओढणारा आणि पाऊल आत वळवणारा असे दोन स्नायू तुलनेने बराच काळ जोरात राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच बाजूची ओढ बसते, कमान उंच होते आणि टाच आत कलते. पाऊल उचलायला बोटं वर ओढणाऱ्या स्नायूंची मदत घेतली जाते, तिथून बोटं वाकतात. थोडक्यात हाडांत जन्मजात दोष नाही, ओढाताणीने हाडं तशी बसत गेलेली असतात. नुसती उंच कमान तर कितीतरी धडधाकट लोकांची असते, पण कमान दर वर्षी वाढतेय, घोटा सारखा मुरगळतोय आणि बुटाचा सोल बाहेरच्या कडेनेच झिजतोय हे सगळं एकत्र दिसलं तर मग नुसती पायाची ठेवण म्हणून सोडून देऊ नये.

पुढची मोठी उडी आली विजेच्या मशीनमुळे. नसेला हलका शॉक द्यायचा आणि संदेश किती वेगाने पुढे जातो ते मोजायचं, ज्याला आपण एनसीव्ही टेस्ट म्हणतो. १९६८ मध्ये मेयो क्लिनिकच्या डिक आणि लॅम्बर्ट यांनी या वेगावरून या कुटुंबांचे गट पाडले. काहींचा वेग फार कमी, म्हणजे नसेवरचं मायलिनचं आवरण बिघडलेलं, तो टाइप १, आणि काहींचा वेग जवळपास नॉर्मल पण सिग्नलच बारीक, म्हणजे आतला तंतूच झडतोय, तो टाइप २. १९८० मध्ये लंडनच्या हार्डिंग आणि थॉमस यांनी हाताच्या मीडियन नसेसाठी सेकंदाला ३८ मीटर ही रेघ आखली, तिच्या खाली टाइप १. मोठ्या माणसाचा नॉर्मल वेग साधारण ५० किंवा त्याहून जास्त असतो. अधेमधे येणारे लोकही असतातच, पण ती रेघ आजही वापरतात.

आता एक केस धरून बघू, ही नमुन्यासाठी रचलेली आहे. १४ वर्षांचा मुलगा, पळताना अडखळतो, घोटा दोनतीनदा मुरगळलाय. डॉक्टर म्हणतात टाचांवर चालून दाखव, त्याला जमत नाही, पुढचा पाय वर उचललाच जात नाही. घोट्याचा रिफ्लेक्स गायब, अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंप नीट कळत नाही, पण मुंग्या येतात का विचारलं तर नाही म्हणतो, कारण लहानपणापासून तसंच आहे त्यामुळे वेगळं काही जाणवतच नाही. एनसीव्हीत मीडियन नसेचा वेग २२. इथे नुसता आकडा बघून थांबायचं नाही, दोन्ही हातांत आणि प्रत्येक नसेत वेग सारखाच कमी आहे का ते बघायचं, कारण नंतर झालेल्या, इम्युनिटीच्या गडबडीमुळे होणाऱ्या नसांच्या आजारात वेग कुठे जास्त कुठे कमी असा विस्कळीत असतो आणि मध्येच सिग्नल अडतो, आणि त्याला उपचार आहेत, त्यामुळे गल्लत महागात पडते. या मुलाचा वेग सगळीकडे सारखा कमी. मग डॉक्टर वडिलांना बूट-मोजे काढायला सांगतात. वडील म्हणतात मला काहीच त्रास नाही, फक्त तयार बूट कधी नीट बसत नाहीत. कमान उंच, रिफ्लेक्स नाहीत, वेग २४. आई नॉर्मल. बरेचदा निदान असं पालकांच्या पायात सापडतं, आणि वडिलांना कमी त्रास असण्याचं कारण हे की ताकद कमी होते ती वेगामुळे नाही तर आवरण बिघडल्यावर पुढे जे तंतू मरतात त्यामुळे, आणि ते प्रमाण एकाच घरात दोन माणसांत वेगळं असू शकतं.

जीन सापडायला मात्र चकवा बसला. अशा कुटुंबांमध्ये दोष १७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे हे १९८९ मध्ये कळलं, पण नेमकी चूक काही हाती लागेना. १९९१ मध्ये अमेरिकेत लुप्स्की यांच्या टीमने आणि बेल्जियममधल्या एका टीमने वेगवेगळं काम करून दाखवलं की तिथे डीएनएचं अक्षर चुकलेलंच नाही, साधारण १५ लाख अक्षरांचा अख्खा तुकडा दोनदा आलाय, जशी पुस्तकात तीच पानं दोनदा बांधली जावीत, प्रूफ वाचणाऱ्याला शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही. पुढच्याच वर्षी त्या तुकड्यातला पीएमपी२२ हा मायलिनचा जीन पुढे आला. दोनाऐवजी तीन कॉपी, प्रोटीन जास्त, आवरण बिघडतं. या प्रकाराला सीएमटी१ए म्हणतात आणि सीएमटीत हाच सगळ्यात जास्त आढळतो. कधीकधी हे डुप्लिकेशन मुलात नव्यानेच होतं, मग आईवडील दोघंही नॉर्मल निघतात.

गंमत म्हणजे लुप्स्कींना स्वतःला सीएमटी आहे, पण त्यांच्यात हे डुप्लिकेशन नव्हतं. २०१० मध्ये त्यांचा पूर्ण जीनोम वाचला तेव्हा एसएच३टीसी२ या जीनमध्ये दोन बिघाड सापडले, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आज सीएमटीचे शंभराच्या आसपास जीन माहीत आहेत.

त्या चकव्याचा फटका अजूनही बसतो. एक्झोम टेस्ट, म्हणजे सगळ्या जीन्सचा प्रोटीन बनवणारा भाग एकदम वाचणारी टेस्ट, मुख्यतः अक्षरं वाचते, कॉपी मोजणं तिला नेहमी नीट जमतंच असं नाही, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि डुप्लिकेशन तसंच राहून जातं. वेग कमी असेल तर आधी एमएलपीए ही कॉपी मोजणारी टेस्ट करायची, त्यात काही नाही मिळालं तरच पुढच्या, बरेच जीन एकदम तपासणाऱ्या पॅनेलकडे जायचं. आजार थांबवणारं औषध अजून नाही, पण निदान फाइलवर असणं एका बाबतीत फार गरजेचं आहे, विनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध सीएमटी१ए असलेल्या माणसाला दिलं तर हातापायांची ताकद काही आठवड्यांत झपाट्याने जाऊ शकते, आणि काही जणांना आपल्याला हा आजार आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळलंय.