रिपोर्टात सिस्ट आहेत, पण त्रास कोणाचा आहे?

संडास तपासणीच्या रिपोर्टात 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या' अशी एक ओळ असते आणि तेवढ्यावर औषध सुरू होते. वरच्या ओळी फारसे कोणी वाचत नाही. पातळ की घट्ट, रक्त आहे की नाही, आव किती, पू-पेशी किती, हे सगळे तिथेच लिहिलेले असते. रिपोर्टातली ई. हिस्टोलिटिका म्हणजेच अमिबा. तो आणि जिआर्डिया या आतड्यातल्या दोन परजीवींमधला फरक पुष्कळदा सिस्टच्या ओळीपेक्षा या वरच्या ओळींत जास्त स्पष्ट दिसतो.

कारण साधे आहे: दोघांचे बिऱ्हाड वेगळे. दोघेही दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात येतात, तेही सिस्ट म्हणजे कवचबंद रूपात. कवच फुटून आतला जिवंत, हलता परजीवी बाहेर पडला की त्याला ट्रोफोझॉइट म्हणतात. जिआर्डियाचा ट्रोफोझॉइट लहान आतड्याच्या सुरुवातीलाच मुक्काम ठोकतो. त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक चकती असते. तिने तो आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो, पण अस्तर भेदून आत शिरत नाही. अमिबा मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथे तो निरुपद्रवी राहू शकतो, पण कधी अस्तर पोखरतो आणि मग तोंड अरुंद, तळ रुंद अशा, सुरईसारख्या जखमा करतो.

यातून संडासचे रूप ठरते. लहान आतड्याचे काम अन्न शोषण्याचे, म्हणून तिथे बिघाड झाला की न पचलेली चरबी बाहेर येते. जिआर्डियाची संडास फिकट, तेलकट, भयंकर वासाची असते आणि भांड्यात तरंगते. पोट फुगते, गुरगुरते, सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर येतात, वजन उतरते. रक्त मात्र येत नाही, कारण जखमच नाही. अमिबाच्या आजारात, म्हणजे आमांशात, संडास थोडी थोडी आणि वारंवार होते. तिच्यात आव आणि रक्त असते, ओटीपोटात मुरडा येतो आणि जाऊन आले तरी पुन्हा कुंथावेसे वाटते. त्रास बहुधा हळूहळू, एकदोन आठवड्यांत वाढत जातो. ताप असेलच असे नाही.

एक बारकावा इथे लक्षात घ्यावा. रक्त असूनही अमिबाच्या नमुन्यात पू-पेशी पुष्कळदा कमीच दिसतात. अमिबा त्याच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाच मारतो, त्यामुळे अखंड पेशी कमी उरतात. शिगेलासारख्या जिवाणूंच्या हगवणीत उलट असते, स्लाइड पू-पेशींनी भरलेली असते आणि ताप चढलेला असतो. म्हणून 'रक्त ++, पू-पेशी ४-५' असा रिपोर्ट आला तर अमिबाचा विचार करावा आणि 'पू-पेशी भरपूर' असे असेल तर आधी जिवाणूंचा. हा नियम पक्का नाही, पण दिशा दाखवतो.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते पाहू. जिआर्डियाचा ट्रोफोझॉइट पेरूच्या फोडीसारख्या आकाराचा, दोन केंद्रके डोळ्यांसारखी समोरासमोर, चार जोड्या शेपट्या. ताज्या नमुन्यात तो झाडावरून गळणाऱ्या पानासारखा डुलत सरकतो. एकदा पाहिला की विसरता येत नाही. त्याची सिस्ट लंबगोल, साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीची. अमिबाची सिस्ट गोल, बहुधा १२ ते १५ मायक्रॉन आणि पिकलेल्या सिस्टमध्ये चार केंद्रके.

इथेच पहिली मोठी अडचण येते. एंटअमीबा हिस्टोलिटिकाची सिस्ट आणि एंटअमीबा डिस्पार नावाच्या तिच्या निरुपद्रवी भावंडाची सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. कितीही अनुभवी डोळे असले तरी ओळखता येत नाहीत. हे दोन वेगळे जीव आहेत हे १९९३ साली रीतसर मान्य झाले. डिस्पार कुठलाही आजार करत नाही, त्याला औषधाची गरज नाही. म्हणून प्रामाणिक रिपोर्टात 'हिस्टोलिटिका/डिस्पार' असेच लिहायला हवे. सूक्ष्मदर्शकाने हिस्टोलिटिकाकडे ठामपणे बोट दाखवता येते ते मुख्यतः एकाच वेळी: ट्रोफोझॉइटच्या पोटात गिळलेल्या लाल रक्तपेशी दिसल्या तर. बाकी वेळी हिस्टोलिटिका वेगळी ओळखणारी अँटीजेन चाचणी किंवा पीसीआर करावी लागते. अँटीजेनचे सगळेच किट हा फरक करत नाहीत, तेव्हा कोणते किट आहे हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

दुसरी अडचण नमुन्याची. अमिबाचा ट्रोफोझॉइट शरीराबाहेर फार टिकत नाही, म्हणून पातळ किंवा रक्त-आव असलेला नमुना अर्ध्या तासात पाहायला हवा. त्यात लघवी किंवा पाणी मिसळले की तो मरतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवणेही चुकीचे, कारण गारठल्यावर अमिबाची हालचाल थांबते आणि तो साध्या पेशीसारखा दिसू लागतो. उलटेही होते: आतड्यातल्या मॅक्रोफेज या मोठ्या पेशी अमिबा म्हणून मोजल्या जातात. जिआर्डियाच्या बाबतीत खोड वेगळी. तो रोज सिस्ट टाकत नाही. एका दिवशी नमुना स्वच्छ निघतो आणि दोन दिवसांनी भरपूर सिस्ट दिसतात. म्हणून एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत. एकच नमुना निगेटिव्ह आला तर त्याने काहीही सिद्ध होत नाही. अँटीजेन चाचणी केली तर ही उणीव बरीच भरून निघते.

एक उदाहरण घेऊ. ३४ वर्षांच्या माणसाला तीन आठवडे त्रास आहे. सकाळी तीन-चार वेळा सैल, तेलकट संडास, पोट टम्म, ढेकरांना अंड्याचा वास, चार किलो वजन कमी. ताप नाही, रक्त नाही. रिपोर्टात आव थोडी, रक्त नाही, पू-पेशी १-२ आणि शेवटी 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या'. या सिस्टसाठी डायलोक्सानाइड हे अमिबावरचे औषध दहा दिवस दिले जाते. कोर्स पूर्ण होतो, त्रास तसाच.

रिपोर्ट खोटा नव्हता, सिस्ट खरोखरच होत्या. पण त्रासाची जात लहान आतड्याची आणि रिपोर्टातला जीव मोठ्या आतड्याचा, हे जुळत नव्हते. पुन्हा तीन नमुने घेतले, पहिल्या दोनांत काही नाही, तिसऱ्यात लंबगोल जिआर्डियाच्या सिस्ट. हिस्टोलिटिकाची अँटीजेन चाचणी निगेटिव्ह, म्हणजे आधीच्या सिस्ट बहुधा डिस्पारच्या, वाटेत भेटलेल्या. टिनिडाझोल २ ग्रॅम एकाच वेळी जेवणासोबत दिले आणि आठवड्याभरात संडास बांधून होऊ लागली.

औषधांकडे यायचे तर मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल ही दोन्ही आजारांत चालतात आणि गोंधळाचे मूळ तेच. 'गोळी तीच, मग फरक कशाला?' फरक पुढे काय करायचे यात आहे. जिआर्डियाला प्रौढांमध्ये टिनिडाझोलचा २ ग्रॅमचा एक डोस बहुतेक वेळा पुरतो. मेट्रोनिडाझोल असेल तर २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच ते सात दिवस. नायटाझोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस, हाही पर्याय आहे. इथे काम संपते.

अमिबाने जखम केली असेल तर मेट्रोनिडाझोलचा डोस मोठा, ५०० ते ७५० मिलिग्रॅम तीनदा, पाच ते दहा दिवस. आणि त्यानंतर दुसरे औषध. मेट्रोनिडाझोल आतड्याच्या वरच्या भागातच जवळजवळ पूर्ण शोषले जाते. रक्तातून ते जखमेत आणि यकृतात उत्तम पोचते, पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत पुरेसे उरत नाही. तिथले अमिबा आणि सिस्ट तशाच राहतात. रुग्णाला चार दिवसांत बरे वाटते, कोर्स संपतो, आणि काही महिन्यांनी आजार पुन्हा डोके काढतो. दरम्यान त्याच्याकडून घरात इतरांना लागण होत राहते ती वेगळीच. म्हणून पाठोपाठ पोकळीतच राहणारे औषध द्यायचे: पॅरोमोमायसिन सात दिवस, किंवा डायलोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम तीनदा, दहा दिवस. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा गाळली जाते ती हीच पायरी. हिस्टोलिटिकाची खात्री झाली आहे पण त्रास काहीच नाही, अशा माणसाला मात्र फक्त हे दुसरे औषध पुरे.

मेट्रोनिडाझोल घेताना तोंडात धातूची चव येते, मळमळते. याच कारणाने लोक तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू घेऊ नये. गरोदरपणात आणि लहान मुलांत औषध आणि डोस दोन्ही बदलतात, ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

दोन ठिकाणी चूक महागात पडते. रक्त-आव चालू असताना दुर्बिणीने पाहिले तर अमिबाच्या जखमा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारासारख्या दिसू शकतात, आणि त्यावर स्टिरॉइड देतात. अमिबा नाही याची खात्री न करता स्टिरॉइड सुरू केले तर आजार भडकतो आणि आतडे फुटण्यापर्यंत वेळ येते. दुसरे ठिकाण यकृत. उजव्या बरगडीखाली दुखणे आणि ताप असलेल्या रुग्णाची संडास तपासून 'अमिबा नाही' म्हणणे फसवे आहे. यकृतात गळू झालेल्या बहुतेकांना त्या वेळी जुलाब नसतात आणि संडासच्या नमुन्यात काही सापडतही नाही. तिथे सोनोग्राफी आणि रक्तातली अँटीबॉडी चाचणी लागते.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचे पुढे काय झाले? महिन्याने पुन्हा गॅस, पुन्हा सैल संडास. जिआर्डिया परत आला असे समजून दुसरा कोर्स देण्याचा मोह होतो. पण त्याचा त्रास दूध घेतल्यावर तासा-दोन तासांनीच सुरू व्हायचा आणि अँटीजेन चाचणी निगेटिव्ह होती. जिआर्डियाने अस्तराची नासधूस केली की दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज काही आठवडे कमी पडते. त्याला गोळ्या दिल्या नाहीत, महिनाभर दूध बंद ठेवायला सांगितले.