भुताची लिफ्ट आणि पाचव्या मजल्यावरचा कॉल

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला राहिला आणि लिफ्टमधल्या भुतावर पाऊण तास गेला. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची इमारत आहे. खाली पार्किंग, वर चौदा मजले आणि शेजारी शेजारी दोन लिफ्ट. रात्रपाळीच्या वॉचमनचं म्हणणं असं, की दीड-दोनच्या सुमारास डावी लिफ्ट कोणी न बोलावता वरून खाली येते आणि गुपचूप उभी राहते. लाइट जाऊन परत येतात त्या रात्री तर दोन्ही लिफ्ट एकापाठोपाठ खाली उतरतात. बोलता बोलता त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून यावा इथवर मजल गेली. मी सातपूरला कंट्रोल पॅनलच्या कामात तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे गप्प बसवेना. त्या विधीचा अंदाजे खर्च आणि लिफ्टच्या देखभाल कराराची, म्हणजे एएमसीची थकबाकी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा कुठे भूत जरा मागे सरलं.

लाइट आल्यावर लिफ्ट खाली का जाते, ते आधी सांगतो. आपण कितव्या मजल्यावर आहोत हे लिफ्टला दिसत नाही, तिला ते मोजावं लागतं. मोटरच्या किंवा वेगावर लक्ष ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या चाकाला एन्कोडर बसवलेला असतो. चाक फिरेल तसे तो विजेचे बारीक ठोके देतो आणि पॅनल ते ठोके मोजत राहतं. एक ठोका म्हणजे एक मिलिमीटर धरला, तर तीन मीटर उंचीचा मजला पॅनलच्या लेखी ३००० ठोक्यांचा होतो. पण वायररोप पुलीवर किंचित घसरतो, ओझ्याने ताणलाही जातो, म्हणून हिशेब हळूहळू चुकत जातो. तो दुरुस्त करायला शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या पातळीवर चुंबक किंवा पत्र्याची पट्टी लावलेली असते. केबिनवरचा सेन्सर तिथे आला, की पॅनलला आपण मजल्याला लागल्याचं कळतं. या पट्टीच्या थोडं वर, थोडं खाली एवढ्याच टापूत दार उघडायची परवानगी असते.

वीज गेली की जुन्या पद्धतीच्या पॅनलला आपल्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. बॅटरीवरच्या एआरडीने, म्हणजे वीज गेल्यावर माणसं सोडवणाऱ्या यंत्रणेने, लिफ्ट जवळच्या मजल्यापर्यंत सरकवलेली असेल, तर मग नाहीच. अशा वेळी लिफ्ट हळू वेगाने थेट तळाला जाते. तिथला स्विच जागचा हलत नाही, तिथे शून्य मांडायचं आणि पुन्हा मोजायला लागायचं. याला करेक्शन रन म्हणतात. आमच्या वॉचमनला दिसलेलं भूत ते हेच. रात्री दीडला येणारं दुसरं भूत म्हणजे पार्किंगची सेटिंग. काही मिनिटं कोणी बटण दाबून कॉल दिला नाही की लिफ्टने नेमून दिलेल्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यात असतं.

मला मनापासून आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. तुम्ही पाचव्या मजल्यावर उभे राहून खाली जायचं बटण दाबता, त्या क्षणी दोन लिफ्टपैकी कोणी यायचं हे ठरतं कसं?

(इथे एक बारीक तक्रार. ब्रोशरमध्ये ‘दोन स्मार्ट लिफ्ट’ असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात दोन लिफ्टना दोन वेगळी बटणं असतात. म्हणजे त्या दोघींची एकमेकींशी ओळखच नाही. लोक दोन्ही बटणं दाबतात, दोन्ही लिफ्ट येतात आणि एक रिकामी परत जाते. दोघींना मिळून एकच बटण असेल आणि दोन्ही पॅनल तारेने बोलत असतील, तरच पुढचं सगळं लागू पडतं.)

मूळ नियम द्वारका-नाशिकरोड शेअर रिक्षासारखा आहे. नाशिकरोडकडे निघालेला रिक्षावाला वाटेत हात केलेल्या त्याच दिशेच्या माणसांना घेतो. पंचवटीला जायचं असणाऱ्याला घेत नाही, तो परतीच्या फेरीत. लिफ्टही वर जाताना वरचे कॉल घेते, शेवटपर्यंत जाते आणि उतरताना खालचे घेते. लिफ्ट एकच असेल तर एवढ्यावर भागतं. दोन असल्या, की काम वाटून द्यावं लागतं.

वाटपाची जुनी आणि सोपी रीत गुणांची आहे. आमच्याकडे तळ धरून पंधरा थांबे आहेत, म्हणजे मधली अंतरं चौदा. लिफ्ट कॉलच्या दिशेने येत असेल आणि तिला पुढे जायचंही त्याच बाजूला असेल, तर १४ अधिक २ मधून कॉलपर्यंतचं मजल्यांचं अंतर वजा करायचं. येतेय इकडेच, पण जाणार उलट बाजूला, तर एक गुण कमी. लांब जात असेल तर सरळ १ गुण. रिकामी उभी असलेली लिफ्ट पहिल्या गटात धरतात. ज्या लिफ्टला जास्त गुण, तिला कॉल.

आता तुम्ही पाचव्यावर उभे आहात आणि खाली जायचंय. डावी लिफ्ट चौथ्यावरून वर निघाली आहे, आतल्या माणसांनी ९ आणि १२ दाबलंय. उजवी नुकतीच कोणाला तरी सोडून तेराव्यावर रिकामी उभी आहे. डावी तुमच्यापासून एका मजल्यावर, येतेय तुमच्याकडे, पण जातेय वर. म्हणून तिचे गुण १४ + १ − १ = १४. उजवी आठ मजले लांब, तिचे १४ + २ − ८ = ८. कॉल मिळाला डावीला.

आता घड्याळ लावू. आमची लिफ्ट सेकंदाला एक मीटर जाते, म्हणजे एका मजल्याला तीन सेकंद. एक थांबा साधारण दहा सेकंद खातो. त्यात वेग कमी करायला दोन, दार उघडायला दोन, उघडं ठेवायला तीन आणि मिटायला तीन. डावी चौथ्यावरून बाराव्यापर्यंत जायला २४ सेकंद घेणार, नववा आणि बारावा या दोन थांब्यांचे २०, मग बारावरून पाचव्यावर उतरायला २१. एकूण ६५ सेकंद. उजवी तेराव्यावरून निघून २४ सेकंदांत तुमच्या दारात! जवळची लिफ्ट लवकर येते हा समज अशा ठिकाणी उघडा पडतो.

काही पॅनल हा हिशेब सतत नव्याने करतात. तीन सेकंदांनी डावी पाचवा ओलांडते, आता ती लांब जाऊ लागली म्हणून तिला १ गुण, आणि कॉल उजवीकडे जातो. चूक सुधारते, पण उशिरा. ज्या पॅनलमध्ये एकदा दिलेला कॉल काढून घेत नाहीत, तिथे तुम्ही ६५ सेकंद उभेच.

म्हणून सुधारलेली पॅनल मजले मोजत नाहीत, वर केली तशी सेकंदांची बेरीज करतात. बरी पॅनल याच्याही पुढे जाऊन आतल्या माणसांचा वेळ धरतात. समजा एक लिफ्ट सातव्यावरून पाच जणांना घेऊन खाली येतेय आणि दुसरी तळाला रिकामी आहे. पहिली तुमच्याकडे ६ सेकंदांत पोचेल, दुसरी १५ सेकंदांत. तुम्ही म्हणाल, पहिलीच हवी. पण तुमच्यासाठी ती थांबली की आतल्या पाच जणांचे प्रत्येकी दहा, म्हणजे ५० सेकंद गेले, वर तुमचे ६. दुसरी आली तर सगळे मिळून १५ च. भरलेली लिफ्ट समोरून निघून जाते तेव्हा ती प्रत्येक वेळी मुजोरी नसते. (केबिन जवळजवळ भरली असेल, तर वजनाचा सेन्सरही तिला बाहेरच्या कॉलवर थांबू देत नाही.)

या बेरजेत एक भोक आहे. खाली जाणारा बहुतेक तळालाच उतरणार, हे धरून चालता येतं. तळाहून वर जाणाऱ्याने मात्र फक्त वरचा बाण दाबलेला असतो. तो दुसऱ्यावर उतरेल की चौदाव्यावर, हे तो आत येऊन बटण दाबेपर्यंत पॅनलला माहीत नसतं. १९९२ साली शिंडलर कंपनीने आणलेल्या मिकोनिक १० या पद्धतीत मजल्याचा आकडा बाहेरच दाबून घेतात आणि मग तुम्हाला कोणत्या लिफ्टमध्ये जायचं ते सांगतात. मोठ्या ऑफिसांत ते सोयीचं पडतं. आपल्या चौदा मजल्यांना त्याची गरज नाही.

आणि म्हणूनच लवकर यावी म्हणून वर-खाली दोन्ही बाण दाबणाऱ्यांवर माझा राग आहे. वर जाणारी लिफ्ट थांबते, दार उघडतं, तुम्ही आत डोकावून मान हलवता आणि आतल्यांचे दहा सेकंद वाया जातात. तेच बटण पाच वेळा दाबणारे त्या मानाने निरुपद्रवी. कॉल पहिल्याच दाबण्याला नोंदला गेलेला असतो.

आता दार, कारण सगळी बेरीज फसते ती तिथे. मजल्यावरच्या दाराला स्वतःची मोटर नसते. केबिनचं दार उघडताना त्याच्यावरची पट्टी बाहेरच्या दाराच्या रोलरांना धरते आणि त्याला सोबत ओढते. दार मिटल्यावर कुलपाचा संपर्क जुळतो. सगळ्या मजल्यांचे हे संपर्क एकाच माळेत ओवलेले असतात आणि माळ पूर्ण असेल तरच मोटरला हुकूम जातो. एका मजल्याच्या कुलपात मळ बसला तरी पूर्ण लिफ्ट ठप्प. शिवाय केबिनच्या दाराच्या कडांना डोअर सेन्सर असतो, अदृश्य किरणांचा पडदाच म्हणा. तो तुटला की मिटणारं दार पुन्हा उघडतं.

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे लिफ्टची पूजा झाली. नवव्या मजल्यावरच्या कोणीतरी उजव्या लिफ्टच्या केबिनला आतून झेंडूची माळ बांधली, तिचं एक लोंबतं टोक दारात. दार मिटायला लागलं की वाऱ्याने माळ हलायची, किरण तुटायचे, दार उघडायचं. पॅनलच्या हिशेबात दार उघडं राहण्याला तीन सेकंद होते, प्रत्यक्षात वीस मिनिटं गेली. पाचव्यावर कोणीतरी खालचा बाण दाबला. तो कॉल उजवीच्या नावावर पडला, कारण कागदोपत्री तीच आधी येणार होती. डावी तळाला मोकळी उभी! हा दोष बाहेरून ओळखता येतो. बटणाचा दिवा लागलेला, एका लिफ्टचा आकडा एकाच मजल्यावर खिळलेला आणि दुसरी रिकामी असूनही हलत नाही.

यावर दोन उपाय पॅनलमध्येच असतात आणि आमच्याकडे दोन्ही बंद करून ठेवलेले निघाले. पहिला असा, की ठरावीक वेळात, समजा तीस सेकंदांत, दार मिटलं नाही, तर त्या लिफ्टला जोडीतून काढायचं आणि तिचे बाहेरचे कॉल दुसरीला द्यायचे. दुसरा उपाय म्हणजे सेन्सरकडे दुर्लक्ष करून, बझर वाजवत दार अगदी हळू मिटायचं. युरोपीय मानकात नेहमीच्या मिटण्यात दाराची गतिज ऊर्जा १० ज्यूलपर्यंत चालते, या हळू मिटण्यात फक्त ४. एक किलोची पिशवी मीटरभर उंचीवरून पडण्याऐवजी चाळीस सेंटिमीटरवरून पडावी, एवढा फरक. आडव्या आलेल्या माणसाला धक्का लागला तरी इजा होऊ नये, म्हणून.

परवा मेकॅनिकला बोलावून दोन्ही सेटिंग चालू करून घेतल्या. पार्किंगही बदललं. आता डावी तळाला थांबते आणि उजवी आठव्यावर, कारण सकाळी पहिले कॉल वरून येतात. वॉचमन खूश आहे. आठव्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र काल मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “भाऊ, ती रात्रीची नेमकी आमच्याच मजल्यावर का हो येऊन थांबते?”