XMP ऑन केलं तरी रॅमचा थोडा वेळ वाया जातोच: tRFC आणि tREFI हाताने लावताना

राजारामपुरीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा, XMP, म्हणजे रॅमच्या कंपनीने त्यात भरून दिलेलं जास्त स्पीडचं तयार सेटिंग, ऑन केलं की रॅम फुल स्पीडने चालते असंच सांगतात. अर्धं बरोबर आहे ते. XMP मध्ये टायमिंगचे, म्हणजे रॅम कुठल्या कामाला किती क्लॉक थांबते त्याचे, मेन आकडे येतात, १६-१८-१८-३८ वगैरे, पण त्यांच्या खालचे सेकंडरी टायमिंग्ज बहुतेक वेळा मदरबोर्ड स्वतःच सेफ अंदाजाने ढिले ठेवतो, आणि त्यात मला सगळ्यात भारी वाटतो तो रिफ्रेशचा प्रकार.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज सतत गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये ६४ मिलिसेकंदात ८,१९२ वेळा रिफ्रेश कमांड जाते, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. दोन कमांडमधलं हे अंतर म्हणजे tREFI. आणि एक रिफ्रेश चालू असताना रॅमचा तो भाग वाचता-लिहिता येत नाही, प्रोसेसर थांबूनच राहतो, तो थांबायचा वेळ म्हणजे tRFC. ८ गिगाबिटच्या चिपला स्टँडर्डप्रमाणे तो ३५० नॅनोसेकंद आहे. आता ३५० ला ७,८०० ने भागा, साडेचार टक्के येतात, म्हणजे रॅमचा इतका वेळ नुसता चार्ज भरण्यातच जातो.

माझ्या मावसभावाचं मशीन धरू. इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० स्पीड. या स्पीडला एक क्लॉक ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून बायोसमध्ये tRFC ५६० आणि tREFI १२४८० दिसत होतं. (रायझनच्या एएम४ बोर्डवर tREFI सहसा बदलता येत नाही, तिथं tRFC वरच काम करायचं.)

आधी व्होल्टेज. डीडीआर४ चं मूळ १.२, XMP ला १.३५. रोजच्या वापराला १.४० पर्यंत मी निर्धास्त जातो, केसमध्ये हवा खेळती असेल तर १.४५, आणि १.५० ही स्टँडर्डमधली कमाल मर्यादा आहे, ती ओलांडायची नाही. VCCSA आणि VCCIO, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाची व्होल्टेज, ऑटोवर सोडू नका, बोर्ड कधीकधी गरजेपेक्षा बरंच जास्त देतो, या मशीनला १.२० आणि १.१५ पुरले. व्होल्टेज वाढवून tRFC खाली येतोच असंही नाही, सॅमसंगच्या बी-डाय चिपला फायदा होतो, मायक्रॉनच्या रेव्ह-ई चिपला फारसा नाही. म्हणून दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटमधले आकडे मंत्रासारखे उतरवून घेणं ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, चिप वेगळी असली की आकडा वेगळा.

मग एका वेळी एकच आकडा बदलायचा. tRFC ५६० वरून सोळा-सोळाने खाली आणत गेलो. ४८० ला, म्हणजे ३०० नॅनोसेकंदाला टेस्ट पास, ४४८ ला लगेच एरर. बूटच झालं नाही तर CMOS क्लिअर करायचं, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मुळावर आणायची, घाबरायचं काही नाही. मग ४८० कायम ठेवून tREFI दुप्पट, २४९६०. आता हिशोब ३०० भागिले १५,६००, जेमतेम १.९ टक्के, साडेचारवरून इथं आलो!

पण उष्णता वाढली की चार्ज जास्त वेगाने गळतो, इतका की ८५ अंशाच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायला स्टँडर्डच सांगतं. आपण उलट दिशेला चाललोय, म्हणून स्टिकचं तापमान ५० च्या आत ठेवायचं. tREFI ३२००० केल्यावर सकाळी सगळं सुरळीत चाललं आणि मे महिन्यातल्या दुपारी, बंद खोलीत, ग्राफिक्स कार्ड तापल्यावर एरर यायला लागले. कारण यावरूनच ओळखायचं: tRFC फार कमी असेल तर एरर पहिल्या काही मिनिटांतच येतो, tREFI फार जास्त असेल तर अर्ध्या तासाने, स्टिक तापल्यावर. २४९६० वर परत आलो.

टेस्टचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पेनड्राइव्हवरून MemTest86 चे चार पास, विंडोज सुरू न करता, कारण कच्च्या रॅमवर विंडोज चालवलं तर फाइली गुपचूप खराब होतात आणि ते महिन्याने कळतं. ते पास झालं की विंडोजमध्ये TestMem5, anta777 ची extreme फाइल लावून, आणि शेवटी तेच सोबत गेम किंवा ग्राफिक्सचा लोड देऊन, दुपारच्या वेळी, केसचं झाकण लावून. एक जरी एरर आला तरी तो आकडा नापास, मागं यायचं.

यूट्यूबवर "एफपीएस दुप्पट" म्हणतात ते खोटं आहे. प्रोसेसर जिथं रॅमची वाट बघत बसतो अशा गेममध्ये काही टक्के मिळतात, त्यातही मुख्य म्हणजे अधूनमधून बसणारे झटके कमी होतात, व्हिडिओ रेंडरला जवळपास काहीच फरक पडत नाही. चाललेले आकडे बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा आणि कागदावरही लिहून ठेवा, बायोस अपडेट केलं की प्रोफाइल बहुतेकदा उडतं, आणि मग सगळ्या टेस्ट परत करायच्या.