येणे हस्तांतराची नोटीस

विकलेल्या मालाचे पैसे यापुढे विक्रेत्याला न देता वित्त कंपनीला द्यावेत, असे ग्राहकाला लेखी कळवणाऱ्या पत्राला येणे हस्तांतराची नोटीस म्हणतात. पुरवठादार आपले बीजक वित्त कंपनीकडे (तिला फॅक्टर असेही म्हणतात) सोपवतो आणि रकमेचा मोठा भाग आगाऊ उचलतो. त्या बिलाचे येणे आता कंपनीचे होते. मात्र नोटीस पोहोचेपर्यंत ग्राहकाला हे माहीत नसते, म्हणून तोवर त्याने पुरवठादाराला दिलेले पैसे योग्य ठिकाणीच दिले असे धरले जाते. नोटीस मिळाल्यावर मात्र चित्र उलटते. त्यानंतर जुन्या खात्यात भरलेल्या पैशाने देणे फिटत नाही आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा भरण्याची पाळी येऊ शकते.

नोटिशीत बीजक क्रमांक, तारीख, रक्कम, नव्या धारकाचे पूर्ण नाव आणि भरण्याचे खाते असावे लागते. बिलावरही शिक्का असतो: ‘या बीजकाचे येणे अमुक कंपनीकडे हस्तांतरित झाले आहे, केवळ पुढील खात्यात भरणा केल्यासच देणे फिटेल.’ पत्र पुरवठादाराच्या लेटरहेडवर आणि त्याच्या सहीने आले, तर ग्राहकाचा विश्वास लवकर बसतो. फक्त वित्त कंपनीकडून आले, तर ग्राहक पुरावा मागू शकतो. येणे हस्तांतरावरील 2001 च्या संयुक्त राष्ट्र करारात आणि अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेच्या कलम 9-406 मध्ये ही मुभा स्पष्ट दिली आहे. मागूनही रास्त वेळेत पुरावा मिळाला नाही, तर ग्राहक पूर्वीप्रमाणे पुरवठादाराला पैसे देऊन मोकळा होऊ शकतो.

पडताळणी एवढी महत्त्वाची असण्याचे कारण असे की खरी नोटीस आणि ठगाचा ईमेल दिसायला एकच असतात. दोन्ही ‘खाते बदलले’ एवढेच सांगतात. पुरवठादाराचा मेलबॉक्स दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल, तर बनावट पत्र जुन्या खऱ्या संभाषणाच्या खालीच येते. त्याच मेलला उत्तर देऊन ‘हे खरे आहे का?’ असे विचारले, तर उत्तरही ठगाकडूनच येणार.

खोक्यांचा एक पुरवठादार आणि त्याचा ग्राहक घेऊ. बिल 10 लाखांचे, मुदत 60 दिवसांची. बाराव्या दिवशी नोटीस येते. लेखा विभाग त्या बिलाचा भरणा रोखून धरतो आणि पत्रातला फोन नंबर बाजूला ठेवतो. जुन्या खरेदी करारावर पुरवठादाराचा जो नंबर आहे, त्यावर फोन करून मालकाशी किंवा त्याच्या हिशेबनिसाशी बोलतो आणि बीजक क्रमांक व कंपनीचे नाव त्यांच्याच तोंडून ऐकतो. वित्त कंपनीचा नंबरही सरकारी नोंदणीवरून किंवा स्वतः शोधलेल्या पत्त्यावरून घेतो आणि पुरवठादाराची सही असलेला, या बिलाचा उल्लेख असलेला हस्तांतर करारातला उतारा मागवतो. बँक खातेदाराचे नाव कंपनीच्या नोंदणीतील नावाशी जुळवले जाते. मग एक जण व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या बँक खात्यांच्या नोंदीत, खाते बदलतो आणि दुसरा ते मंजूर करतो. एक रुपया पाठवून पाहण्याचा फारसा उपयोग नाही. खाते ठगाचे असले तरी पैसे पोहोचतातच.

इथे एक खाचखळगा आहे. वित्त कंपनी सहसा पोच म्हणून एक छापील फॉर्म पाठवते. त्यात ‘बिलाबाबत कोणतीही तक्रार नाही, कोणतीही वजावट करणार नाही’ असे वाक्य दडलेले असू शकते. आपल्या उदाहरणात ग्राहकाने नोटिशीपूर्वीच 60,000 चा खराब माल परत केला होता. ती वजावट नव्या धारकापुढेही मांडता येते. पण त्या वाक्यावर सही केली, तर हा हक्क बुडू शकतो. म्हणून त्याने ‘नोटीस मिळाली, 60,000 चा परतावा वगळून 9,40,000 देय’ एवढेच लिहून पोच दिली.

पन्नासाव्या दिवशी पुरवठादाराच्या पत्त्यावरून मेल येतो: ‘कंपनीचा हिशेब मिटला, पैसे पुन्हा आमच्या खात्यात भरा.’ नोटीस खरी की खोटी हे ठरवताना पुरवठादाराचा शब्द कामाचा होता. एकदा हस्तांतर मान्य झाल्यावर मात्र ही सूचना देण्याचा अधिकार वित्त कंपनीकडे गेलेला असतो. पुरवठादार खरेच बोलत असला, तरी कंपनीचे येणे मुक्त केल्याचे पत्र आल्याशिवाय खाते बदलायचे नसते, आणि ते पत्रही आधी पडताळलेल्या नंबरवरच तपासायचे असते. ग्राहकाने विचारल्यावर कंपनीने येणे सोडले नसल्याचे कळवले आणि साठाव्या दिवशी 9,40,000 तिच्याच खात्यात जमा झाले.

त्याच बिलासाठी दोन वेगवेगळ्या वित्त कंपन्यांच्या नोटिसा आल्या, तर 2001 च्या करारानुसार आधी मिळालेल्या नोटिशीप्रमाणे पैसे देणारा ग्राहक मोकळा होतो. काही देशांत मात्र नोंदणीच्या क्रमावर अग्रहक्क ठरतो. अशा वेळी भरणा थांबवून दोन्ही कंपन्यांना लेखी कळवणे आणि स्थानिक वकिलाला विचारणे हाच मार्ग उरतो. नोटीस मिळाल्याची तारीख आणि वेळ आवक नोंदवहीत लिहून ठेवलेली असेल, तरच कोणती आधी आली ते दाखवता येते.